एनपीएस खातं: पैसे कापले गेले, पण प्रान आलाच नाही. अर्ज नेमका कुठे अडतो?

राष्ट्रीय पेन्शन प्रणालीचं खातं घरबसल्या उघडता येतं आणि सगळं जुळलं तर अर्ध्या तासात प्रान, म्हणजे बारा अंकी कायमचा पेन्शन खाते क्रमांक, हातात येतो. पण नेहमीची तक्रार वेगळीच असते. आधारचा ओटीपी आला, फोटो चढला, पाचशे-हजार रुपये खात्यातून गेले आणि पुढे काहीच घडलं नाही. मग माणूस नवा अर्ज भरतो, पुन्हा पैसे भरतो, आणि एका अडकलेल्या अर्जाचे दोन होतात.

म्हणून पहिली गोष्ट ही, की नवा अर्ज भरू नका. अर्जाचं पहिलं पान पूर्ण झालं की एक पावती क्रमांक मिळतो. तो लिहून ठेवा किंवा त्याचा स्क्रीनशॉट घ्या. अर्धवट राहिलेला अर्ज त्याच क्रमांकावर, नाव आणि जन्मतारीख देऊन, पुन्हा उघडता येतो. संकेतस्थळावर अपूर्ण नोंदणी पूर्ण करण्याचा वेगळा पर्याय असतो. बहुतेकांचं तिकडे लक्षच जात नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे कोणाकडे काय काम आहे हे कळलं पाहिजे, नाहीतर तक्रार चुकीच्या दारात जाते. तुमच्या खात्याची नोंदवही ठेवते ती केंद्रीय नोंदणी संस्था. अशा तीन आहेत: प्रोटियन, केफिनटेक आणि कॅम्स. बँक किंवा पोस्ट ऑफिस फक्त अर्ज आणि पैसे स्वीकारतं. पैसे गुंतवतो तो पेन्शन फंड व्यवस्थापक, आणि मधल्या टप्प्यावर पैसे सांभाळते ती विश्वस्त बँक. अर्ज अडला असेल तर उत्तर बहुधा नोंदणी संस्थेकडे असतं, फंड व्यवस्थापकाकडे नसतं. तिन्ही नोंदणी संस्थांची अधिकृत दारं npstrust.org.in या एका ठिकाणाहून उघडतात. गुगलवर शोधून मिळालेल्या पहिल्या जाहिरातीवर जाऊ नका.

ओळख पडताळणी: नाव तीन जागी एकच हवं

अडलेल्या अर्जांचं सर्वांत मोठं कारण नावातला फरक हेच असतं. आधारवरून अर्ज केला की नाव, जन्मतारीख, लिंग आणि पत्ता आधारमधून थेट येतो आणि अर्जात तो बदलता येत नाही. मग हेच नाव पॅनच्या नोंदीशी ताडलं जातं आणि शेवटी बँक खात्याच्या नावाशी. तिन्हीकडे एकच माणूस दिसला पाहिजे, आणि आपल्याकडे नेमकं तिथेच बिनसतं. आपलं नाव तीन पदरी: स्वतःचं, वडिलांचं किंवा पतीचं, मग आडनाव. कोणी मधलं नाव पूर्ण लिहितं, कोणी एक अक्षर लिहितं, कोणी गाळतं. जुन्या बँक पासबुकात आडनाव आधी येतं. दत्तात्रयचं इंग्रजी स्पेलिंग दोन कागदांवर दोन प्रकारचं असतं. कोणाच्या नावापुढे राव किंवा बाई एका जागी लागलेलं असतं आणि दुसऱ्या जागी नसतं.

एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. समजा अर्जदार अडतीस वर्षांच्या आहेत आणि लग्नानंतर त्यांनी आधार बदलून घेतलं, पण पॅन तसंच राहिलं. त्यांच्या नोंदी अशा दिसतात:

```
आधार : SUNITA VILAS PATIL
पॅन   : SUNITA DATTATRAY JADHAV
बँक   : PATIL SUNITA V
```

इथे पॅनची पायरी अडणार हे उघड आहे, कारण आडनावच वेगळं आहे. बँकेच्या नावात शब्दांचा क्रम उलटा आहे आणि मधलं नाव तोडलेलं आहे. हा फरक कधी चालून जातो, कधी अडतो. त्यामुळे दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा. आधी आधार बरोबर आहे ना ते ठरवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर बेतायचं आहे. आधार बरोबर असेल तर पॅनची दुरुस्ती आधारच्या ई-केवायसीवरून करा. त्या मार्गाने पॅनवर आधारमधलंच नाव येतं, त्यामुळे स्पेलिंगचा प्रश्न मुळातून मिटतो. पॅनवर नवं नाव आलं की तेच पॅन आणि आधार घेऊन बँकेच्या शाखेत केवायसी अद्ययावत करा. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी बँक आणि मग पॅन, तर बँकेत दोनदा जावं लागतं.

आधारच चुकलं असेल तर मात्र घाई करू नका. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. आडनाव लग्नामुळे बदललं असेल तर विवाह नोंदणी दाखला चालतो. नाव इतर कारणाने पूर्ण बदललं असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रातली प्रसिद्धी लागते. केंद्रात टंकलेखन होताना समोरच्या पडद्यावरचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर वाचूनच मान्यता द्या.

सुनीताबाईंच्या अर्जात आणखी एक चूक हमखास होते. अर्जात वडिलांचं नाव विचारतात, तिथे सवयीने मधलं नाव, म्हणजे पतीचं, लिहिलं जातं. पॅनवर वडिलांचंच नाव असतं, लग्नानंतरही. म्हणून त्या चौकटीत माहेरच्या वडिलांचं नाव लिहायचं.

पॅनमध्ये नेमकं काय नोंदलेलं आहे ते कार्डावरून पक्कं कळत नाही. कार्डावर छापलेलं नाव आणि आयकर खात्याच्या नोंदीतलं नाव यांत फरक असू शकतो. त्यासाठी incometax.gov.in वर पॅनची स्थिती तपासण्याची सोय आहे. पॅन, पूर्ण नाव, जन्मतारीख आणि मोबाइल क्रमांक टाकला की तपशील जुळतो की नाही ते तिथेच दिसतं. त्याच संकेतस्थळावर पॅन आधारशी जोडलेलं आहे का तेही पाहा. जोडलेलं नसेल तर पॅन निष्क्रिय असू शकतं, आणि निष्क्रिय पॅनवर अर्ज पुढे जात नाही. या दोन तपासण्या पाच मिनिटांच्या आहेत आणि अर्ज उघडण्याआधीच करायच्या आहेत.

आधारचा ओटीपी येतच नसेल तर दोन शक्यता तपासा. एक, आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक जुना आहे. आधारच्या संकेतस्थळावर वैधता तपासली की जोडलेल्या क्रमांकाचे शेवटचे तीन अंक दिसतात. ते तुमच्या चालू क्रमांकाशी ताडून पाहा. जुळत नसतील तर आधार सेवा केंद्रात क्रमांक बदलून घेता येतो. दुसरी शक्यता कमी लोकांच्या लक्षात येते. सुरक्षेसाठी कोणी आधार क्रमांक कुलूपबंद करून ठेवला असेल तर बारा अंकी क्रमांकावर ओटीपी चालत नाही. अशा वेळी सोळा अंकी आभासी क्रमांक वापरा किंवा कुलूप तात्पुरतं उघडा.

“तुमचं खातं आधीच आहे” असा संदेश आला तर

हा संदेश चूक नसतो. एका व्यक्तीला या प्रणालीत एकच प्रान मिळतो आणि पॅनवरून जुनी नोंद सापडली की नवा अर्ज थांबतो. महाराष्ट्रात हे अधिक दिसतं, कारण १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्य शासनाच्या सेवेत आलेले कर्मचारी परिभाषित अंशदान योजनेत होते आणि पुढे ते खातं राष्ट्रीय पेन्शन प्रणालीत आलं. असा कर्मचारी नंतर नोकरी सोडून खासगी क्षेत्रात गेला, तरी त्याचा प्रान जिवंत असतो. खासगी कंपनीने कधी काळी खातं उघडून दिलं असेल तरी तसंच.

अशा वेळी नवा प्रान मागायचा नसतो. जुना प्रान सर्व नागरिक गटात किंवा नव्या कंपनीच्या गटात हलवण्याचा अर्ज करायचा असतो. जुना क्रमांक आठवत नसेल तर जुन्या पगारपत्रकात, कार्यालयाच्या आस्थापना विभागात किंवा नोंदणी संस्थेकडे पॅन देऊन तो मिळतो. अटल पेन्शन योजनेचं मात्र वेगळं. तिचा क्रमांकही प्रानच म्हणवला जातो, पण ते खातं स्वतंत्र असतं आणि त्यामुळे हे खातं उघडायला आडकाठी येत नाही.

बँक खात्याची एक रुपयाची परीक्षा

बँक खातं तुमचंच आहे हे पाहण्यासाठी त्यात एक रुपया जमा केला जातो आणि बँकेकडून खातेदाराचं नाव परत येतं. ते नाव अर्जातल्या नावाशी जुळलं नाही की पायरी नापास. बहुतेक वेळा कारण पुढच्या तिघांपैकी एक असतं.

पतीपत्नीचं संयुक्त खातं दिलं आणि अर्जदाराचं नाव दुसऱ्या क्रमांकावर असेल, तर पहिल्या खातेदाराचं नाव परत येण्याची शक्यता मोठी. इथे वाद घालण्यात अर्थ नाही, अर्जदार पहिला खातेदार असलेलं खातंच द्या. दुसरं कारण जुना आयएफएससी कोड. बँका विलीन झाल्या की कोड बदलतात, पण कपाटातलं चेकबुक तेच राहतं. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. अशा बँकेच्या खातेदारांनी कोड जुन्या पासबुकावरून न लिहिता शाखेतून विचारून घ्यावा. तिसरं, पतसंस्थेचं खातं. पतसंस्था बँक नाही, तिला स्वतःचा आयएफएससी कोड नसतो, म्हणून ते खातं इथे चालत नाही. काही लहान सहकारी बँकांत तात्काळ हस्तांतराची सोय नसल्यामुळे एक रुपया पोहोचतच नाही. त्या वेळीही दुसऱ्या बँकेचं खातं देणं हाच सरळ उपाय.

परदेशात राहणाऱ्यांनी साधं बचत खातं देऊ नये. अनिवासी म्हणून अर्ज करताना एनआरई किंवा एनआरओ खातंच द्यायचं असतं.

फंड व्यवस्थापक: चूक झाली तरी दुरुस्त होते, पण वर्षातून एकदा

इथे अर्ज तांत्रिकदृष्ट्या क्वचित अडतो. अडतो तो माणूस. व्यवस्थापक निवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि यादीत स्टेट बँक, एलआयसी, यूटीआय, एचडीएफसी, आयसीआयसीआय प्रुडेन्शियल, कोटक, टाटा अशी ओळखीची नावं एकापाठोपाठ दिसतात. एक गैरसमज आधी दूर करू. तुम्ही ज्या बँकेतून खातं उघडता तिचाच पेन्शन फंड घ्यावा लागतो असं अजिबात नाही. बँकेच्या अॅपमध्ये स्वतःच्या गटाचा व्यवस्थापक आधीच निवडलेला दिसत असेल तर ती चौकट बदलून पुढे जा.

तुलना करताना एनएव्हीचा, म्हणजे योजनेच्या एका युनिटच्या किमतीचा, आकडा पाहू नका. प्रत्येक योजना दहा रुपयांच्या आसपास सुरू होते, त्यामुळे उशिरा आलेल्या व्यवस्थापकाचा एनएव्ही कमी दिसतो. म्हणून तो स्वस्त ठरत नाही आणि जुना महागही ठरत नाही. पाहायचा तो एकाच टियरमधल्या, म्हणजे एकाच खातेप्रकारातल्या, एकाच मालमत्ता वर्गाचा पाच आणि दहा वर्षांचा परतावा. तो एनपीएस ट्रस्टच्या संकेतस्थळावर शेजारी शेजारी दिलेला असतो. एका वर्षाच्या परताव्यावर निवड करणं ही आमच्या मते या टप्प्यावरची सर्वांत महागडी सवय आहे, कारण पुढच्या वर्षी क्रम बदलला की माणूस पुन्हा व्यवस्थापक बदलायला निघतो. व्यवस्थापन शुल्काच्या मर्यादा नियामकाने बांधून दिलेल्या आहेत, त्यामुळे त्या फरकावर डोकं खर्च करू नका.

व्यवस्थापक आर्थिक वर्षातून एकदा बदलता येतो आणि पैशांची वाटणी चार वेळा. म्हणजे आजची निवड दगडावरची रेघ नाही. खरा परिणाम व्यवस्थापकाच्या नावापेक्षा वाटणीचा होतो, म्हणून वेळ तिथे द्या.

वाटणीचे दोन मार्ग. स्वतः ठरवायचं असेल तर समभाग, कंपनी रोखे आणि सरकारी रोखे यांची टक्केवारी भरायची. समभागांना ७५ टक्क्यांची मर्यादा आहे आणि बेरीज बरोबर १०० हवी. एक टक्का कमी पडला तरी पान पुढे सरकत नाही. लोक अनेकदा ही त्रुटी संकेतस्थळाचा दोष समजून सोडून देतात. ऑक्टोबर २०२५ पासून शंभर टक्के समभाग घेता येतील अशा वेगळ्या योजनाही पडद्यावर दिसू लागल्या. त्यांच्यात किमान १५ वर्षांची मुदत बांधलेली असते, म्हणून पहिल्यांदा खातं उघडणाऱ्याने नेहमीच्या सामायिक योजनांपासून सुरुवात करावी असं आम्ही सुचवू.

वयाप्रमाणे आपोआप बदलणारा दुसरा मार्ग निवडला तर काहीही भरावं लागत नाही, फक्त प्रकार सांगायचा. मध्यम प्रकारात पस्तिशीपर्यंत समभाग ५० टक्के असतात आणि पुढे दरवर्षी दोन टक्क्यांनी कमी होत पंचावन्नाव्या वर्षी १० टक्क्यांवर येतात. आपल्या अडतीस वर्षांच्या अर्जदाराचं गणित असं बसतं: समभाग ४४, कंपनी रोखे २७, सरकारी रोखे २९ टक्के. आक्रमक प्रकारात त्याच वयाला समभाग ६३ टक्के असतात, कारण तिथे ७५ पासून दरवर्षी चार टक्के कमी होतात. हा बदल वाढदिवसाच्या तारखेला आपोआप होतो. यावरून कळेल, की आधारवरची चुकीची जन्मतारीख नुसती कागदावरची चूक राहत नाही. पुढची वीस वर्षं पैशांची वाटणी त्या तारखेवर चालते.

पहिली वर्गणी आणि कापले गेलेले पैसे

टियर १, म्हणजे मुख्य पेन्शन खातं, उघडताना किमान ५०० रुपये लागतात आणि आर्थिक वर्षात एकूण किमान १,००० भरावे लागतात. अर्जात टियर १ आणि ऐच्छिक असलेलं टियर २ या दोन्हींवर खूण झाली असेल तर टियर २ चे आणखी १,००० मागितले जातात, म्हणून पडद्यावर १,५०० दिसले की मागे जाऊन ती खूण पाहा. करवजावटीसाठी खातं उघडणाऱ्या सर्वसामान्य नागरिकाला टियर २ चा उपयोग नाही. आणि जुनी करप्रणाली घेतली असेल तरच स्वतःच्या वर्गणीवरची ५०,००० रुपयांची जादा वजावट मिळते, हेही आधीच तपासा.

पहिली वर्गणी मोठी भरू नका. ५०,००० भरायचे असले तरी आधी १,००० भरा. वर्षाची किमान अट त्यातच पूर्ण होते, आणि काही अडलं तर अडकणारी रक्कम लहान राहते. प्रान सुरू झाल्यावर उरलेले ४९,००० भरा. पैसे स्वतःच्याच खात्यातून जाऊ द्या. मुलाने वडिलांच्या अर्जासाठी आपल्या यूपीआयवरून पैसे दिले, तर तो दुसऱ्याने भरलेला पैसा ठरतो आणि परत जाऊ शकतो.

आता मूळ तक्रार: पैसे गेले, प्रान नाही. आधी बँकेच्या खातेउताऱ्यात पाहा, रक्कम खरोखर कापली गेली आहे का, की फक्त रोखून धरली आहे. कापली असेल तर व्यवहाराचा संदर्भ क्रमांक उतरवून घ्या. मग पावती क्रमांकावर अर्जाची स्थिती पाहा. तिथून दोन फाटे फुटतात.

अर्जाच्या नोंदीत पैसे मिळाल्याचं दिसत असेल, तर पैसे सुरक्षित आहेत आणि अडलं आहे ते पडताळणीत किंवा ई-स्वाक्षरीत. शेवटी आधारच्या ओटीपीवर होणारी ई-स्वाक्षरी राहून जाणं हे फार नेहमीचं आहे, कारण पैसे भरले की काम झालं असं वाटून लोक खिडकी बंद करतात. अपूर्ण अर्ज उघडून ती पायरी पूर्ण करा; पुन्हा पैसे भरू नका.

अर्जाच्या नोंदीत पैसे दिसतच नसतील, तर रक्कम वाटेत अडली आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे यूपीआयने किंवा ऑनलाइन कार्डने व्यापाऱ्याला केलेला, पण पोहोचल्याची खात्री न मिळालेला व्यवहार पाच दिवसांत आपोआप उलटला पाहिजे. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. हे पाच दिवस थांबा, मग आधी बँकेकडे संदर्भ क्रमांकासह लेखी तक्रार करा. नोंदणी संस्थेकडेही तक्रार नोंदवा आणि तिचा टोकन क्रमांक जपा. बँक म्हणाली, पैसे पोहोचले आणि संस्था म्हणाली, आले नाहीत, तर हे दोन क्रमांकच निकाल लावतात.

पैसे गेले त्याच दिवशी युनिट दिसले नाहीत म्हणून घाबरू नका. रक्कम विश्वस्त बँकेत पोहोचल्यावर गुंतवली जाते आणि साधारण दोन कामाचे दिवस जातात. एनएव्हीही त्या दिवसाचा लागतो, तुम्ही बटण दाबलं त्या दिवसाचा नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात वजावटीसाठी भरणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. ३१ तारखेच्या संध्याकाळी भरलेल्या पैशाचा भरवसा धरू नये.

प्रान चालू झाल्यावर पुढच्या वर्गण्यांसाठी डी-रेमिट हा चांगला मार्ग आहे. त्यात तुमच्या प्रानसाठी एक आभासी खातं तयार होतं आणि नेटबँकिंगमध्ये ते लाभार्थी म्हणून जोडून पाचशे रुपयांपासून पुढे पाठवता येतात. सकाळी साडेनऊच्या आत पैसे विश्वस्त बँकेत पोहोचले तर त्याच दिवसाचा एनएव्ही मिळतो. आभासी खातं टियरनिहाय वेगळं असतं, म्हणून जोडताना टियर १ चंच आहे ना ते वाचून घ्या.

प्रान आल्यानंतर दोन-तीन कामाच्या दिवसांनी खात्यात शिरून विवरणपत्र उतरवा आणि त्यात पाच गोष्टी पाहा: नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, नॉमिनीचे वाटे मिळून १०० टक्के होतात का, निवडलेला व्यवस्थापक तोच आहे का, आणि युनिट टियर १ मध्येच जमा झालेत का. नॉमिनी अज्ञान असेल तर पालकाचं नाव भरलेलं आहे की नाही तेही तिथेच दिसतं.